बेअरिंग हाउसिंगचं ड्रॉइंग: टॉलरन्स कुठे, किती आणि कशावरून

प्रश्न: सर, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि वेर्ण्याच्या एका कंपनीत इंटर्नशिप करतोय. ६२०५ बेअरिंगसाठी फ्लँज असलेल्या हाउसिंगचं ड्रॉइंग काढायला दिलंय. मॉडेल बरोबर आहे, पण ड्रॉइंग परत आलं. आधी टॉलरन्स नाहीत म्हणून. मग मी सगळीकडे ±०.०१ टाकलं, तर ‘हे कोण करून देणार?’ म्हणून. कुठल्या मापाला किती टॉलरन्स द्यायचा हे ठरवायचं कसं?

उत्तर:

तुझ्या हाउसिंगची बाकीची मापं प्रश्नात नाहीत. म्हणून अशा हाउसिंगला साधारण जी असतात ती धरून पूर्ण ड्रॉइंग सोडवून दाखवतो. आकडे तुझ्या भागाप्रमाणे बदलून घे.

असं समज: कास्टिंग `FG 260` चं. फ्लँज ११० व्यासाचा, १२ जाड. फ्लँजच्या एका तोंडावर ७० व्यासाचा, ६ मिमी उंचीचा स्पिगॉट, जो मशीनच्या प्लेटमधल्या भोकात बसतो. दुसऱ्या बाजूला ७२ व्यासाचा, १२ मिमीचा बॉस. म्हणजे एकूण लांबी ३०. बेअरिंगचा ५२ चा बोअर स्पिगॉटच्या बाजूने उघडतो आणि आत शोल्डरला संपतो. शोल्डरमधून शाफ्ट जायला ४४ चं आरपार भोक. बेअरिंग बाहेर येऊ नये म्हणून बोअरमध्ये सर्कलिप. फ्लँजवर ९० पीसीडीवर एम८ बोल्टसाठी चार भोकं.

CAD उघडण्याआधी एक कोरा कागद घे आणि या भागाचा प्रत्येक पृष्ठभाग कोणाला टेकतो ते लिही. फ्लँजचं स्पिगॉटच्या बाजूचं तोंड प्लेटला टेकतं. स्पिगॉट प्लेटच्या भोकात बसतो. बोअरमध्ये बेअरिंगची बाहेरची रिंग बसते आणि शोल्डर तिला टेकतो. सर्कलिपची खाच सर्कलिपला धरते. चार भोकांतून बोल्ट जातात. बस, एवढेच. फ्लँजचा बाहेरचा व्यास, फ्लँजची जाडी, बॉसचा व्यास, स्पिगॉटचं पुढचं तोंड, ४४ चं भोक यांना कोणीच टेकत नाही. या दुसऱ्या यादीतल्या मापांना वेगळा टॉलरन्स द्यायचाच नाही. त्यांच्यासाठी टायटल ब्लॉकमधली `ISO 2768-m` ही एक ओळ पुरते. त्या ओळीने ६ पेक्षा मोठ्या आणि ३० पर्यंतच्या मापाला ±०.२, आणि ३० पेक्षा मोठ्या, १२० पर्यंतच्या मापाला ±०.३ मिळतं. ११० चा फ्लँज ११०.३ झाला तरी कुणाचं काही बिघडत नाही. तिथे ±०.०१ लिहिलं तर टर्नरला त्याच्यासाठी वेगळा कट घ्यावा लागतो आणि क्यूसीवाल्याला मायक्रोमीटर काढावा लागतो. ड्रॉइंग परत आलं ते याचसाठी.

पुष्कळ कंपन्यांच्या टेम्प्लेटमध्ये अजून `ISO 2768-mK` असतं. त्यातलं मोठं K अक्षर भौमितिक टॉलरन्ससाठी आहे आणि ते ज्या मानकातून येतं तो दुसरा भाग २०२१ साली मागे घेतला गेला. त्याच्या जागी `ISO 22081` आलं. लांबीच्या मापांचा पहिला भाग चालू आहे. म्हणून माझा सल्ला असा की भौमितिक गोष्टींसाठी K वर अवलंबून राहू नकोस. लागतील तिथे त्या स्वतः लिही. टेम्प्लेट बदलायचं की नाही ते तुझ्या वरिष्ठांना ठरवू दे.

आता पहिल्या यादीकडे. आधी डेटम ठरव. हा भाग मशीनवर बसवताना काय होतं ते डोळ्यांसमोर आण. स्पिगॉट भोकात शिरतो, पण तो फक्त ६ मिमीचा आहे. तो हाउसिंगला सरळ उभं धरू शकत नाही. सरळ धरतं ते फ्लँजचं रुंद तोंड, बोल्ट आवळल्यावर. स्पिगॉट फक्त मध्य जुळवतो. म्हणून फ्लँजचं तोंड हा पहिला डेटम `A` आणि स्पिगॉटचा अक्ष हा दुसरा डेटम `B`. हा क्रम उलटा लिहिणारे खूप सापडतात, कारण ‘गोल भाग आहे तर अक्ष पहिला’ अशी सवय असते. लांब शाफ्टला ते बरोबर आहे, पण आखूड स्पिगॉटला नाही. क्यूसीवाला तुझा क्रम पाहूनच भाग मोजायला ठेवतो. B पहिला लिहिलास तर तो ६ मिमीच्या पट्टीवरून अक्ष काढेल, आणि इतक्या आखूड पट्टीवरून काढलेला अक्ष दर मोजणीला थोडा वेगळा येईल. मग चांगला भागसुद्धा कधी पास, कधी नापास दिसतो.

आता बोअर. ५२ ला कुठला फिट द्यायचा हे बेअरिंगच्या कुठल्या रिंगवर भार फिरतो यावरून ठरतं. तुझ्याकडे शाफ्ट फिरतो आणि हाउसिंग स्थिर आहे, आणि पट्ट्याची ओढ किंवा वजन एकाच दिशेने असतं. म्हणजे आतल्या रिंगच्या सगळ्या परिघावर भार फिरतो आणि बाहेरच्या रिंगच्या एकाच जागी पडून राहतो. फिरत्या भाराखालची रिंग सैल ठेवली तर ती हळूहळू सरकते आणि बसायची जागा घासून टाकते. म्हणून शाफ्टला घट्ट फिट, साधारण `25 k6`. बाहेरची रिंग थोडी सैल चालते आणि बेअरिंग घालता-काढताना तेच सोयीचं पडतं, म्हणून हाउसिंगला `52 H7`. उलट शाफ्ट स्थिर आणि हाउसिंग फिरणारं असतं, जसं कन्व्हेयरच्या पुष्कळ रोलरमध्ये असतं, तर हाच H7 चूक ठरला असता आणि N7 सारखा घट्ट फिट लागला असता. म्हणून कुठल्यातरी जुन्या ड्रॉइंगवरून फिट उचलू नकोस. आधी काय फिरतं ते विचार.

५२ व्यासाला H7 म्हणजे ५२.००० ते ५२.०३०. साध्या वर्गाच्या ६२०५ ची बाहेरची रिंग ५१.९८७ ते ५२.००० मध्ये येते. म्हणजे सैलपणा कमीत कमी शून्य आणि जास्तीत जास्त ०.०४३. ही वजाबाकी स्वतः करून बघायची सवय लाव, कारण फिटचं नाव लिहिणं सोपं आहे, पण त्याने प्रत्यक्षात काय मिळतं ते या दोन आकड्यांतच दिसतं.

बोअरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती कॉलेजमध्ये सहसा कोणी सांगत नाही. आयएसओच्या पद्धतीत `52 H7` एवढंच लिहिलं तर ते फक्त दोन समोरासमोरच्या बिंदूंमधलं अंतर बांधतं. भोक गोल असलंच पाहिजे असं ते म्हणत नाही. आता बघ, कास्टिंग तीन जबड्यांच्या चकमध्ये आवळून बोअर केलं की भिंत तीन जागी किंचित आत दबलेली असते. त्या स्थितीत बोअर अगदी गोल कापला जातो. चक सोडला की भिंत परत उसळते आणि भोक किंचित तीन कोनांचं होतं. दोन टोकांचा बोअर डायल या आकारात कसाही फिरवला तरी जवळजवळ एकच आकडा दाखवतो, कारण एका बाजूला फुगवटा असला की नेमका समोर खळगा येतो. रिपोर्टमध्ये ५२.०१२ येतं, सगळे खूश, आणि बसवताना बेअरिंग हातोडीशिवाय जात नाही. गेलं तरी त्याची रिंग तीन जागी दाबली जाते आणि चालू केल्यावर आवाज येतो.

यावर उपाय म्हणजे मापापुढे वर्तुळातला E लिहायचा: `Ø52 H7 Ⓔ`. त्याचा अर्थ, बोअरच्या पूर्ण लांबीत ५२.००० चं आदर्श सिलिंडर बसलं पाहिजे. क्यूसीला मग पूर्ण आकाराचा गो प्लग गेज घालून बघावाच लागतो आणि तिथे तीन कोनांचं भोक लगेच पकडलं जातं. तुझ्या भागात बोअरचा बराचसा भाग जाड फ्लँजच्या आत आहे म्हणून धोका कमी, पण E लिहायला काही खर्च नाही. पृष्ठभागाला `Ra 1.6` दे. बोअर, स्पिगॉट आणि A तोंड सोडून बाकी मशीन केलेल्या जागांना `Ra 3.2` पुरे.

शोल्डरच्या कोपऱ्यात राहणारी त्रिज्या विसरू नकोस. ६२०५ च्या रिंगच्या कडेला कमीत कमी १ मिमीची गोलाई असते, म्हणून तुझ्या कोपऱ्यातली त्रिज्या त्याहून मोठी चालणार नाही. `R0.8 MAX` लिही. ती लिहिली नाही तर टर्नरच्या हातात जो इन्सर्ट असेल त्याची त्रिज्या उतरते. ती १.२ निघाली तर बेअरिंग शोल्डरला न टेकता त्रिज्येवर चढून बसतं. मग खालचं सगळं गणित वाया जातं.

स्पिगॉटला `70 g6`, प्लेटच्या भोकाला `70 H7`. g6 म्हणजे ६९.९७१ ते ६९.९९०, H7 म्हणजे ७०.००० ते ७०.०३०. सैलपणा ०.०१० ते ०.०५९. म्हणजे हाउसिंग मध्यापासून जास्तीत जास्त ०.०३ इकडे-तिकडे सरकू शकतं. हा आकडा लक्षात ठेव, पुढे दोनदा लागणार आहे.

आपल्याकडची एक अडचण इथेच सांगतो. मापं २० अंश सेल्सिअसला खरी धरायची असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि कुंडईच्या किंवा डिचोलीच्या बिनएसीच्या शेडमध्ये मे महिन्यात पारा तेहतीसच्या वर असतो. भाग बिडाचा आणि मायक्रोमीटर पोलादाचा, दोन्ही सारखेच तापलेले असतील तर फारसं बिघडत नाही, कारण दोघांचं प्रसरण जवळपास सारखं आहे. बिघडतं ते लेथवरून उतरलेला गरम भाग तसाच मोजला तर. ७० मिमीचा बिडाचा तुकडा मायक्रोमीटरपेक्षा २५ अंशांनी गरम असला तर साधारण ०.०१९ ने मोठा दिसतो. g6 ची सगळी रुंदीच ०.०१९ आहे. म्हणून `g6` लिहिताना स्वतःला विचार: इतकं खरंच लागतं का? इथे लागतं, कारण मध्य जुळवायचं काम स्पिगॉटचंच आहे. पण ज्या झाकणाला फक्त जागेवर राहायचं आहे त्याच्या स्पिगॉटला `f7` किंवा त्याहून सैल चालतं, आणि तिथे विनाकारण g6 लिहू नये.

आता बोअर स्पिगॉटशी किती एकमध्य हवा? इथे इंटर्न हटकून ०.०१ लिहितात. आपण हिशोब करू. दोन हाउसिंगमध्ये ३०० मिमी अंतर आहे असं धर. बोअरला `A`, `B` च्या संदर्भात Ø०.०५ चा पोझिशन टॉलरन्स दिला तर अक्ष ०.०२५ सरकू शकतो. त्यात स्पिगॉटच्या सैलपणाचे ०.०३ मिळव: एका हाउसिंगमागे ०.०५५. दोन्ही हाउसिंग नेमके उलट दिशांना सरकले असं वाईटात वाईट धरलं तर ०.११. तीनशे मिमीवर ०.११ म्हणजे कोनात सव्वा मिनिटाच्या आसपास. एकेरी खोल खाचेचं बॉल बेअरिंग आतल्या सैलपणाप्रमाणे साधारण २ ते १० मिनिटांचा तिरपेपणा सहन करतं. प्लेटमधली भोकं एकमेकांशी नीट असतील तर Ø०.०५ पुरतं. त्याला ०.०१ केलंस तरी स्पिगॉटच्या ०.०३ मध्ये तो सगळा फायदा बुडून जातो. पैसे मात्र जातात. अंतर ३०० ऐवजी ८० असतं तर हेच गणित वेगळं उत्तर देईल, म्हणून आकडा पाठ करू नकोस.

याच जागी भागाच्या रचनेकडेही बघ. बोअर स्पिगॉटच्या बाजूने उघडतो म्हणून टर्नर बॉसवर चक धरून A तोंड, स्पिगॉट, बोअर, शोल्डर आणि खाच हे सगळं एकाच सेटिंगमध्ये करू शकतो. त्यामुळे Ø०.०५ त्याला जवळजवळ फुकट मिळतं. शोल्डरची A शी समांतरता ०.०२ आणि स्पिगॉटची A शी लंबता Ø०.०३ लिहायची, तीही त्याच सेटिंगमध्ये येते. हाच बोअर उलट बाजूने उघडला असता तर भाग पलटून परत धरावा लागला असता आणि तोच Ø०.०५ टर्नरला डायल लावून जुळवावा लागला असता. टॉलरन्सचा खर्च भागाच्या रचनेवर असतो तो असा.

आता ज्या मापावर माझ्या मते या ड्रॉइंगमध्ये सगळ्यात जास्त विचार करायला हवा त्याकडे येतो: सर्कलिपची खाच. बेअरिंगची रुंदी १५, ५२ च्या सर्कलिपची जाडी २. `DIN 472` प्रमाणे खाचेचा व्यास ५५ आणि रुंदी `2.15 H13`, म्हणजे २.१५ ते २.२९. बहुतेक नवी मुलं काय करतात? मॉडेलमध्ये खाच शोल्डरपासून १५ वर काढलेली असते, म्हणून ड्रॉइंगवरही शोल्डर ते खाचेची जवळची भिंत १५ आणि मग खाचेची रुंदी २.१५ लिहितात. १५ ला वेगळा टॉलरन्स नाही, म्हणजे ±०.२. समज टर्नरने १४.८० केलं. ड्रॉइंगप्रमाणे भाग पास. खाच २.१५ केली, तीही पास. खाचेची लांबची भिंत आली १६.९५ वर. पण बेअरिंग आणि सर्कलिप मिळून १७.००. सर्कलिप खाचेत बसणारच नाही. दोन्ही मापं बरोबर, भाग निकामी, आणि दोष ड्रॉइंगचा.

सर्कलिप कुठे अडते ते बघ. बेअरिंग तिला बाहेर ढकलतं आणि ती खाचेच्या लांबच्या भिंतीला टेकते. जवळची भिंत कोणालाच टेकत नाही. म्हणजे आपल्या पहिल्या कागदावर लांबची भिंत आहे, जवळची नाही. म्हणून माप शोल्डरपासून थेट लांबच्या भिंतीपर्यंत द्यायचं आणि टॉलरन्स एकाच बाजूला, वर:

```
17.05 +0.1 / 0     (शोल्डर ते खाचेची लांबची भिंत)
2.15 H13           (खाचेची रुंदी)
Ø55 H12            (खाचेचा व्यास)
```

तपासून बघू. सगळ्यात कमी १७.०५, बेअरिंग आणि सर्कलिप पूर्ण जाड: मोकळीक ०.०५. नेहमी बसणार. सगळ्यात जास्त १७.१५, आणि बेअरिंगची रुंदी १५ ला ०.१२ कमी असू शकते, म्हणजे १४.८८: मोकळीक ०.२७, शिवाय सर्कलिप स्वतः जितकी पातळ असेल तितकी आणखी. सुमारे पाव ते एक तृतीयांश मिमी बेअरिंग पुढे-मागे सरकू शकतं. साध्या पट्ट्याच्या ड्राइव्हला हे चालतं. हेलिकल गिअर असेल आणि शाफ्ट अक्षाच्या दिशेने जागेवरच राहायला हवा असेल तर चालणार नाही. तिथे टॉलरन्स आवळत बसू नकोस, शिम दे. टॉलरन्सने ०.१२ ची बेअरिंगची तफावत भरून निघत नाही, कारण ती तुझ्या ड्रॉइंगच्या हातातच नाही.

जवळची भिंत मग कुठे येते? १४.७६ ते १५.०० च्या मध्ये. बेअरिंग खाचेच्या कडेवरून थोडं पुढे येतं, त्याने काही अडत नाही.

शोल्डर कुठून मोजायचा हाही प्रश्न उरतो. मॉडेलमध्ये बोअर स्पिगॉटच्या टोकापासून २२ खोल काढलेला असेल, कारण स्केच तिथे होतं. पण स्पिगॉटचं टोक कोणाला टेकत नाही. शाफ्टची जागा ठरते ती प्लेटपासून, म्हणजे A पासून. म्हणून A ते शोल्डर `16 ±0.1` लिही आणि २२ हे माप ड्रॉइंगवर ठेवूच नकोस. स्पिगॉटची उंची ६ आणि बोअरची खोली २२ अशी साखळी दिलीस तर १६ मध्ये दोन्ही टॉलरन्सची बेरीज येते. १६ सोबत २२ ही लिहिलंस तर एकच गोष्ट दोन मापांनी सांगितली जाते आणि मशीनवर ती दोन्ही कधी जुळत नाहीत.

चार भोकांचं काम सोपं आहे. एम८ ला Ø९ चं भोक म्हणजे एकूण १ मिमी मोकळीक. समोर प्लेटमध्ये टॅप मारलेली भोकं आहेत, ती सरकत नाहीत, म्हणून हा १ मिमी दोन्ही भागांत वाटायचा. त्यातून स्पिगॉटच्या सरकण्याचे, दोन्ही बाजूंचे मिळून, ०.०६ वजा कर. `4× Ø9` ला `⌖ Ø0.4 A B` आणि प्लेटच्या टॅपलाही Ø०.४. थोडंसं टॅप तिरका गेला तर त्यासाठी उरतं. ९० चं पीसीडी आणि ९० अंश चौकटीत लिही. चौकटीतल्या मापाला सामान्य टॉलरन्स लागत नाही, जागा किती हलू शकते ते ⌖ सांगतो. तू पीसीडीला ±०.०१ दिलं असशील तर ते आता स्वतःच खोडशील.

एवढं कागदावर झालं की CAD मधलं काम थोडं आहे. एक पूर्ण सेक्शन व्ह्यू आणि एक समोरचा व्ह्यू पुरे. व्यास सेक्शनवर, पीसीडी समोरच्यावर, तुटक रेषांना माप नको. आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतं, म्हणून सॉलिडवर्क्समध्ये `Sheet Properties` मध्ये `Type of projection` खरंच `First angle` आहे ना ते पाहून घे. बाहेरून आणलेल्या टेम्प्लेटमध्ये थर्ड अँगल असू शकतो. `Model Items` ने सगळी मापं एकदम ओतू नकोस. ती तुझ्या स्केचची मापं असतात, भागाच्या कामाची नव्हेत, आणि वरचं २२ तिथूनच येतं. `Smart Dimension` ने एकेक दे. फिटसाठी `Tolerance/Precision` मध्ये `Fit with tolerance` निवड, म्हणजे H7 सोबत +०.०३० आणि ० हे आकडेही छापून येतात. वर्कशॉपमध्ये तक्ता शोधत बसायला कोणाला वेळ नसतो. आणि मापाचा आकडा हाताने कधीच लिहू नकोस. `Override value` असो की ऑटोकॅडमध्ये `<>` पुसून टाइप केलेला आकडा, मॉडेल बदललं तरी ते माप जुनंच राहतं आणि कोणाला कळत नाही.

व्हेंडर मॉडेलवरून थेट प्रोग्रॅम करणार असेल तर ड्रॉइंगवर ‘टॉलरन्ससाठी ड्रॉइंग ग्राह्य’ अशी टीप टाक. मॉडेलमध्ये बोअर ५२.००० आहे, म्हणजे H7 च्या अगदी खालच्या काठावर, आणि प्रोग्रॅमरने मध्य साधला नाही तर अर्धे भाग गो गेजला अडकतील.

पाठवण्याआधी ए३ वर छापून प्रत्येक टॉलरन्सच्या मापाशेजारी पेन्सिलने साधन लिही: बोअरला गो-नोगो प्लग गेज, स्पिगॉटला मायक्रोमीटर, १६ ला डेप्थ मायक्रोमीटर, स्पिगॉटच्या टोकापासून शोल्डर आणि A दोन्ही मोजून वजाबाकी, पोझिशनला सीएमएम. १७.०५ ला अडशील, कारण ती भिंत आतल्या खाचेत आहे आणि साधा व्हर्निअर तिथे पोचत नाही. आतल्या खाचेचा व्हर्निअर कंपनीत आहे का ते क्यूसीला जाऊन विचार. नसेल तर १७.०५ आणि १७.१५ चे दोन पायऱ्यांचे छोटे गेज टूलरूमकडून करून घ्यावे लागतील. ते आत्ताच सांगून ठेव. चतुर्थीच्या तोंडावर व्हेंडर बंद होण्याआधी भाग हवा असेल तर गेज नाही म्हणून भाग अडून राहणं परवडत नाही.

आणि सगळ्यात आधी, वरिष्ठांकडून प्लेटचं ड्रॉइंग मागून घे. मी ७० चं भोक H7 धरलंय. ते प्लेटवर आधीच H8 असेल, तर भोक ७०.०४६ पर्यंत जातं, सैलपणा ०.०७५ होतो, आणि एकमध्यतेचा आणि चार भोकांचा हिशोब तुला त्या आकड्यावर परत करावा लागेल.